सध्याच्या कंपनीचं नाव न लिहिता रेझ्युमे कसा तयार करावा

रेझ्युमेमध्ये सगळ्यात वरच्या नोकरीसमोर कंपनीच्या नावाच्या जागी नुसतं ‘गोपनीय’ लिहिलेलं असलं की वाचणारा तिथे अडतो. ही दहा माणसांची कंपनी आहे की दहा हजारांची, हे त्याला कळत नाही. आणि जे कळत नाही ते लोक कमीच धरतात. कंपनीचं नाव एरवी न बोलता बरंच काही सांगत असतं: आकार, कामाची पातळी, स्पर्धा कशी आहे, पद किती वजनाचं आहे. नाव काढलं की ही सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते. ती हाताने परत भरावी लागते, आणि भरताना नाव मागच्या दाराने आत येऊ द्यायचं नाही. सगळं कसब एवढ्यात आहे, आणि या लेखाचा मोठा भागही त्याबद्दलच आहे.

आधी ठरवा: नेमकं कोणापासून लपवायचं आहे?

रेझ्युमेवर तुमचं नाव आहे आणि लिंक्डइनवर तुमचं प्रोफाइल आहे, तर कोणीही दोन मिनिटांत तुमची कंपनी शोधून काढेल. त्यामुळे ज्याने तुम्हाला शोधायचंच ठरवलंय, त्याच्यापासून काहीही लपत नाही. मग नाव काढून मिळतं काय?

तीन गोष्टी मिळतात. तुमच्या कंपनीतल्या एचआरने जॉब पोर्टलवर स्वतःच्याच कंपनीचं नाव टाकून ‘आपल्यातलं कोण बाहेर बघतंय’ हे शोधलं, तर त्या यादीत तुम्ही सहजासहजी येत नाही. (असा शोध घेणारे एचआर असतात, आणि हे काम फारसं कष्टाचंही नाही.) दुसरं, रेझ्युमे एका एजन्सीतून दुसरीकडे फिरत गेला, तर तुमच्या कंपनीचं नाव त्याच्याबरोबर फिरत नाही. तिसरं, तुमच्या कंपनीचे आतले आकडे तिच्या नावाला चिकटून बाहेर जात नाहीत. ही तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण नोकरीच्या करारातल्या गोपनीयतेच्या कलमाचा संबंध तिच्याशीच असतो.

म्हणून रेझ्युमेच्या दोन आवृत्त्या ठेवा. पहिली मोकळी सोडायची: पोर्टलवर टाकायला, अनोळखी रिक्रूटरला पाठवायला. तिच्यात कंपनीचं नाव नसतं आणि लिंक्डइनचा पत्ताही नसतो. दुसरी पूर्ण: समोरचा कोण आहे हे कळल्यावर द्यायची. खाली जे लिहिलं आहे ते पहिल्या आवृत्तीबद्दल आहे.

बाहेरचा अंदाज बांधतो, आतला ओळखतो

नाव उघड होण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

बाहेरच्या माणसाला तुमच्या टीमबद्दल काहीच माहीत नसतं. तो कंपनीबद्दलच्या सार्वजनिक माहितीवरून अंदाज बांधतो: स्थापनेचं वर्ष, एकूण कर्मचारी, उलाढाल, शाखांची संख्या, ‘सर्वांत मोठी’, ‘पहिली’, ‘एकमेव’. यातले कुठलेही दोन तपशील नेमके मिळाले तर त्या धंद्यातला माणूस नाव सांगू शकतो.

आतल्या माणसाचं उलटं असतं. कंपनीचं वर्णन कितीही धूसर केलं तरी त्याला फरक पडत नाही. तो प्रकल्पाचं आतलं नाव, वार्षिक बैठकीतल्या सादरीकरणात झळकलेला आकडा, तुमच्या कंपनीपुरतंच असलेलं पदनाम यावरून ओळखतो. ‘2.1 वरून 0.8’ हे बाहेरच्याला निरर्थक, पण आतल्याला ते वाचताच त्या सादरीकरणाची स्लाइड आठवते.

यातून कामाचा नियम मिळतो. कंपनीबद्दलचे आकडे सार्वजनिक असतात, म्हणून ते पसरट करा. तुमच्या टीमचे आकडे बाहेर कोणालाच माहीत नसतात, म्हणून ते बऱ्यापैकी नेमके ठेवता येतात. फक्त आतल्या कागदांवर जसेच्या तसे छापलेले असतील तर गोल करा. बरेच लोक नेमकं उलटं करतात. ‘1987 पासून कार्यरत, 1,140 कर्मचारी असलेली कंपनी’ असं लिहून कंपनी उघडी पाडतात आणि स्वतःच्या कामाबद्दल ‘मोठी टीम सांभाळली’ एवढंच लिहितात.

तुमच्या शेजारी बसणारा सहकारी किंवा थेट वरिष्ठ यांच्या हातात रेझ्युमे पडला तर ते ओळखतीलच. त्यांच्यापासून लपण्याचा प्रयत्न केला तर रेझ्युमेत काही उरणार नाही. तो धोका लिखाणातून नाही, रेझ्युमे कोणाकडे जातो यावर लक्ष ठेवून कमी होतो.

कंपनीच्या जागी लिहायची ओळ

एक कल्पित उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. आपला उमेदवार औषधांच्या वितरणात आहे. त्याची कंपनी तापमान सांभाळावं लागणारी औषधं आणि लसी पोहोचवते, म्हणजे शीतसाखळीचं काम करते, आणि आपण या क्षेत्रात देशात सर्वांत मोठे आहोत असं तिच्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे. कंपनीची 11 गोदामं, 1,140 कर्मचारी, स्थापना 1987 ची. उमेदवाराचं पद ‘क्लस्टर शीतसाखळी प्रमुख, उत्तर’. त्याच्याकडे 11 पैकी 4 गोदामं, 62 जणांची टीम, रोजच्या सरासरी 4,270 ऑर्डर.

पहिला प्रयत्न सहसा असा असतो: ‘एक नामांकित कंपनी’. यातून वाचणाऱ्याला शून्य माहिती मिळते. ‘नामांकित’ हे कोणीही कोणालाही म्हणू शकतो.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात: ‘शीतसाखळी औषध वितरणातील देशातील अग्रगण्य कंपनी, 11 गोदामं’. इथे नाव लिहिलंच असतं तरी चाललं असतं. ‘अग्रगण्य’ एक असते, 11 गोदामं मोजून मिळतात. शिवाय हे वाक्य कंपनीच्या वेबसाइटवरच्या ‘आमच्याविषयी’ या पानावरून उचललेलं असेल, तर सर्च इंजिनमध्ये टाकल्याबरोबर तेच पान वर येण्याची शक्यता दाट. कंपनीचं वर्णन कंपनीच्या शब्दांत कधीच लिहू नका. हे नकळत होतं, कारण ती वाक्यं रोज वाचून तोंडात बसलेली असतात.

वर्णनाला चार खुंट्या असतात: उद्योग, आकार, विस्तार आणि मालकीचा प्रकार (खासगी, शेअर बाजारात नोंदलेली, बहुराष्ट्रीय कंपनीची शाखा, नवी गुंतवणूक मिळालेली स्टार्टअप). यातल्या दोन ठळक ठेवायच्या आणि दोन सैल सोडायच्या. कुठल्या दोन ठळक, हे ज्या नोकरीसाठी अर्ज करताय त्यावर ठरतं. तिथे मोठं प्रमाण सांभाळल्याचा अनुभव हवा असेल तर आकार आणि विस्तार ठळक करा, उद्योग एक पायरी वर न्या. त्याच उद्योगातला अनुभव हवा असेल तर उद्योग नेमका ठेवा आणि आकार सैल सोडा.

‘एक पायरी वर’ म्हणजे काय? आपल्या उदाहरणात ‘शीतसाखळी औषध वितरण’ याच्या वरची पायरी ‘औषधं आणि आरोग्य साहित्याचं वितरण’. आणखी एक पायरी चढलात तर नुसतं ‘वितरण’ उरतं आणि तिथे अर्थ हरवतो. बहुतेक वेळा एक पायरी पुरते.

इथे उमेदवार अस्वस्थ होतो. शीतसाखळीचा अनुभव हेच तर त्याचं भांडवल, तेच काढायचं? काढायचं नाही, हलवायचं. तो शब्द कंपनीच्या ओळीतून उचलून कामाच्या ओळीत ठेवायचा. कंपनीच्या ओळीत ‘शीतसाखळी’ ही कंपनीची ओळख होते आणि ती मोजक्या कंपन्यांना लागू पडते. कामाच्या ओळीत ‘2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या मालाची साठवणूक आणि वाहतूक’ हे तुमचं कौशल्य होतं, आणि असा थोडाफार माल औषधांचे बरेच वितरक हाताळतात. माहिती तीच राहिली, बोट मात्र कंपनीकडून तुमच्याकडे वळलं. आपल्या कंपनीत जे जे वेगळं आहे, त्या प्रत्येकासाठी ही युक्ती करून बघा.

आता ओळ अशी होते:

‘औषधं आणि आरोग्य साहित्याचं वितरण करणारी खासगी कंपनी (1,000 हून अधिक कर्मचारी, अनेक विभागांत गोदामं; नाव चर्चेच्या टप्प्यावर देईन)’

कंसातले शेवटचे चार शब्द टाळू नका. ते नसले तर काही वाचणाऱ्यांना ही लपवाछपवी वाटते. असले तर साधी सावधगिरी वाटते.

ही ओळ नीट झाकते का, ते तपासायला दोन चाचण्या पुरतात. ती सर्च इंजिनमध्ये जशीच्या तशी टाका आणि पहिल्या पानावर काय येतं ते बघा. मग त्याच धंद्यातल्या पण तुमच्या कंपनीबाहेरच्या, विश्वासातल्या एका माणसाला ओळ वाचून दाखवा आणि विचारा, ‘कुठल्या कुठल्या कंपन्या डोळ्यांसमोर येतात?’ त्याने चार-पाच नावं घेतली आणि तुमचं त्यांच्या मधे कुठेतरी आलं, तर काम झालं. पहिलंच नाव तुमचं आलं तर एक खुंटी आणखी सैल करा. त्याला एकही नाव सुचलं नाही तर ओळ जास्तच पसरट झाली आहे. याकडे दुर्लक्ष करू नका, कारण रिक्रूटरलाही काही सुचणार नाही.

पसरट करण्याची एक मर्यादा आकड्यांनाही आहे. ‘50 ते 500 कर्मचारी’ असं लिहिलं तर वाचणारा 50 धरतो. पट्टा असा घ्या की त्याच्या दोन्ही टोकांना कामाचं स्वरूप एकच राहील.

पद आणि जुन्या नोकऱ्या

‘क्लस्टर शीतसाखळी प्रमुख, उत्तर’ हे पदनाम त्या एकाच कंपनीत चालतं. या आवृत्तीत ते ‘विभागीय वितरण व्यवस्थापक’ असं लिहायला हरकत नाही, कारण काम तेच आहे आणि बाजारात त्याला तसंच म्हणतात. बदल आडवा असावा, वर चढणारा नसावा. ‘प्रमुख’चा ‘संचालक’ केलात तर नंतरच्या पडताळणीत तो फरक सापडेल, आणि त्या वेळी ‘नाव लपवत होतो’ हे कारण चालणार नाही. पूर्ण आवृत्तीत मूळ पदनाम द्या आणि त्यापुढे बाजारातलं नाव लिहा.

जुन्या कंपन्यांची नावं उघड ठेवा. एक नाव झाकलेलं आणि बाकीची उघडी, हा रेझ्युमे विश्वासार्ह वाटतो. सगळीच झाकली तर शंका येते. अपवाद एकच: जुनी कंपनी आत्ताच्या कंपनीने विकत घेतली असेल, किंवा दोन्ही एकाच समूहातल्या असतील, तर जुनं नाव म्हणजे आत्ताचं नाव. तिथे दोन्हींना वर्णन द्या.

तारखांमध्ये सध्याच्या नोकरीसाठी नुसतं वर्ष पुरतं.

प्रमाण आणि परिणाम

नाव नसलेल्या रेझ्युमेत परिणामांवर जास्त भार येतो, म्हणून ते नेहमीपेक्षा थोडे जास्त सविस्तर लिहावे लागतात. आपल्या उमेदवाराची मूळ ओळ अशी आहे:

‘तुषार प्रकल्पांतर्गत तापमान बिघडून होणारं मालाचं नुकसान 2.1% वरून 0.8% वर आणलं. यासाठी कंपनीला उद्योग पुरस्कार.’

यात तीन धागे उघडे आहेत. प्रकल्पाचं नाव आतल्याला ओळख देतं. पुरस्कार बाहेरच्याला देतो, कारण विजेत्यांची यादी सार्वजनिक असते. आणि 2.1 व 0.8 हे आकडे आतल्या अहवालातले आहेत. नाव लपवलं म्हणून आतले आकडे द्यायची मोकळीक मिळत नाही. पुढे नाव उघड होणारच असतं आणि तेव्हा ते आकडे कंपनीशी जोडले जातात.

प्रकल्पाचं नाव काढून तिथे तो प्रकल्प काय होता ते लिहा. बहुतेक वेळा यामुळे ओळ सुधारते, कारण ‘तुषार’ म्हणजे काय हे बाहेर कोणालाच कळत नव्हतं. पुरस्कार या आवृत्तीतून काढा. आकड्यांचं गुणोत्तर करा: 2.1 वरून 0.8 म्हणजे 1.3 ची घट, मूळच्या जवळपास 62 टक्के. ते ‘60 टक्क्यांहून जास्त’ असं लिहा. गोल करताना नेहमी स्वतःच्या तोट्याच्या बाजूला करा. पुढे मुलाखतीत खरा आकडा सांगायची वेळ आली तर तो लिहिल्यापेक्षा चांगलाच निघतो आणि तुमच्यावर कोणी फुगवल्याचा आरोप करू शकत नाही.

गुणोत्तराचा एक तोटा आहे. ‘60 टक्के घट’ वाचून जाणकार लगेच विचारतो, कशाच्या? दोन खोकी खराब व्हायची, आता एक होतं, यालाही 50 टक्के घटच म्हणतात. म्हणून टक्केवारी कधी एकटी ठेवू नका. तिच्याबरोबर तीन गोष्टी द्या: किती मोठ्या कामावर, किती काळात आणि काय करून. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. काय केलं हे नेमकं लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याला आकड्याची सत्यता त्यातूनच पटते, आणि गंमत म्हणजे ‘काय केलं’ यातून कंपनी जवळजवळ कधीच ओळखू येत नाही. गाडी भरण्याआधी थंड करून घेणं, तापमान नोंदवणारी यंत्रं बसवणं, माल चढवण्याचा क्रम बदलणं, हे अशा धंद्यात कोणीही करू शकतं.

दुसरी ओळ: ऑर्डर आल्यापासून माल निघेपर्यंतचा वेळ सरासरी 31 तासांवरून 22 तासांवर. घट 9 तासांची, म्हणजे साधारण 29 टक्के. ‘एक चतुर्थांशाहून जास्त’ असं लिहिता येईल. इथे मात्र मी ‘दीड दिवसाच्या आतून एका दिवसाच्या आत’ असं लिहीन. वितरणातला माणूस दिवसांत विचार करतो, आणि 24 तासांची रेषा ओलांडणं हे त्याला टक्क्यांपेक्षा जास्त कळतं. 31 हा दीड दिवसाच्या आत आहे आणि 22 एका दिवसाच्या आत, त्यामुळे वाक्य खरंही आहे. आपल्या धंद्यात अशी एखादी सर्वांना ठाऊक असलेली रेषा असेल तर आकडा लपवून परिणाम दाखवायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही.

पैशाचे आकडे, म्हणजे विक्री, नफा, ग्राहकाकडून मिळणारा दर, फार संवेदनशील असतील तर सुरुवातीचं वर्ष 100 धरा: ‘विभागाची विक्री तीन वर्षांत 100 वरून 140 च्या वर’. वाढ दिसते, रक्कम दिसत नाही. हे एखाद्याच ओळीत करा. संपूर्ण रेझ्युमे अशा निर्देशांकांनी भरला तर तो सरकारी तक्त्यासारखा वाचावा लागतो.

ग्राहकांची नावंही काढायची. ‘अमुक हॉस्पिटल समूहाला पुरवठा’ याऐवजी ‘हॉस्पिटल समूह आणि किरकोळ औषध विक्रेते अशा दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना पुरवठा’. मोठ्या ग्राहकाचं नाव लिहायचा मोह होतो, पण त्याचा पुरवठादार कोण हे बाजाराला माहीत असतं.

सगळं मिळून त्याचा भाग असा दिसतो:

‘विभागीय वितरण व्यवस्थापक, 2019 पासून
औषधं आणि आरोग्य साहित्याचं वितरण करणारी खासगी कंपनी (1,000 हून अधिक कर्मचारी, अनेक विभागांत गोदामं, नाव चर्चेच्या टप्प्यावर देईन)

चार गोदामं, 60 हून अधिक जणांची टीम आणि रोजच्या 4,000 हून अधिक ऑर्डर यांची थेट जबाबदारी. हॉस्पिटल समूह आणि किरकोळ विक्रेते असे दोन्ही ग्राहक.

2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या मालाचं तापमान बिघडून होणारं नुकसान चारही गोदामांत मिळून 18 महिन्यांत 60 टक्क्यांहून जास्त घटवलं. गाड्या भरण्याआधी थंड करणं सक्तीचं केलं, प्रत्येक गाडीत तापमान नोंदवणारी यंत्रं बसवली, शेवटी उतरणारा माल आधी चढवण्याचा क्रम ठरवला.

ऑर्डर ते रवानगी हा सरासरी वेळ दीड दिवसाच्या आतून एका दिवसाच्या आत आणला. माणसं वाढवली नाहीत.’

हे लिहून झाल्यावर आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. 60 माणसं आणि 4,000 ऑर्डर म्हणजे माणशी 65-70, हे पटतं. कधी कधी एक आकडा जास्त गोल होतो, दुसरा तसाच राहतो आणि भागाकार हास्यास्पद निघतो. हुशार मुलाखतकार तो भागाकार तोंडी करतो.

फाइलच्या आत काय उरलं आहे?

मजकूर स्वच्छ झाला तरी फाइल बोलते. ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या परवान्याच्या वर्डमध्ये लिहिलेल्या फाइलमध्ये `Company` आणि `Author` हे रकाने आपोआप भरलेले असू शकतात. त्यामुळे पहिली गोष्ट, हे काम स्वतःच्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या खात्यातून करा. ऑफिसच्या क्लाउडवर तर रेझ्युमे कधीच ठेवू नका.

जुनी फाइल साफ करायची असेल तर विंडोजवरच्या वर्डमध्ये `File > Info > Check for Issues > Inspect Document` इथे जा. गुणधर्म, टिप्पण्या आणि बदलांचा इतिहास तिथून काढता येतो. मग पीडीएफ करताना `Save As` च्या `Options` मध्ये `Document properties` समोरची खूण काढा. पीडीएफमध्ये काय उरलं ते पाहायला एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम आहे:

```
exiftool resume.pdf
```

याच प्रोग्रामने पीडीएफमधली माहिती पुसताही येते, पण तसं करू नका. पीडीएफच्या बाबतीत तो जुनी माहिती खरोखर काढत नाही, फक्त वर नवा थर चढवतो, आणि जुनी परत मिळवता येते. मूळ वर्ड फाइल साफ करून पीडीएफ नव्याने बनवणं हाच खात्रीचा मार्ग.

दोन चुका वारंवार दिसतात. कंपनीच्या नावावर काळा चौकोन ठेवायचा आणि समजायचं की नाव गेलं. चौकोनाखालचा मजकूर तसाच असतो. निवडून कॉपी केला की नाव हातात, आणि पोर्टलच्या मजकूर वाचणाऱ्या यंत्रणेला तर चौकोन दिसतही नाही. दुसरी चूक लिंकची: दिसणारे शब्द बदलले जातात, पण त्यामागचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटचाच राहतो. पाठवण्याआधी पीडीएफ उघडा, `Ctrl+A` करून सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा आणि कंपनीचं नाव, तिचं लघुरूप, तिच्या उत्पादनांची नावं, ईमेलचं डोमेन शोधा. प्रत्येक लिंकवर माउस नेऊन पत्ता वाचा. फाइलचं नावही बघा.

पोर्टल, फॉर्म आणि लिंक्डइन

पोर्टलच्या फॉर्ममधला कंपनीचा रकाना रिकामा सोडू नका. अनेक यंत्रणा रेझ्युमेतून माहिती स्वतः उचलतात, आणि कंपनी सापडली नाही तर जवळची कुठलीही ओळ त्या जागी ठेवतात. तिथे `Confidential` लिहा आणि जमल्यास पुढे उद्योग जोडा. भरून झाल्यावर प्रोफाइल एकदा बाहेरच्याच्या नजरेने वाचा, कारण रेझ्युमेत झाकलेलं नाव प्रोफाइलच्या दुसऱ्या एखाद्या रकान्यात जुन्या नोंदीतून उघडं राहिलेलं असतं.

काही पोर्टलवर ठरावीक कंपन्यांना आपलं प्रोफाइल न दाखवण्याची सोय असते. ती वापरताना मूळ कंपनी, उपकंपन्या आणि समूहातल्या बाकीच्या कंपन्या वेगवेगळ्या टाकाव्या लागू शकतात. तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्या बाहेरच्या एजन्सींना मात्र ही सोय अडवत नाही. लिंक्डइनवर तुम्ही नोकरी शोधत असल्याचं ‘फक्त रिक्रूटरना दाखवा’ अशी निवड आहे, आणि तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये असा प्रयत्न लिंक्डइनवाले करतात. पण पूर्ण गोपनीयतेची हमी देत नाहीत, हे त्यांनीच स्पष्ट केलेलं आहे. धोका मोठा असेल तर ते बटण बंदच ठेवा.

लिंक्डइनवरून कंपनीचं नाव काढू नका. इतकी वर्षं असलेलं नाव अचानक गायब झालं तर सहकाऱ्यांच्या नजरेत तेच आधी भरतं.

आणि एक सावध करणारी गोष्ट: ज्या जाहिरातीत कंपनीचं नाव नाही, तिच्यावर सरळ अर्ज करू नका. ती जाहिरात तुमच्याच कंपनीची असू शकते. कधी ती तुमच्याच जागेसाठीही असते. आधी एजन्सीला फोन करून जाहिरात कोणाची ते विचारा. नाव सांगत नसतील तर आपल्या कंपनीचं नाव न सांगता एवढंच विचारा, की अर्ज पुढे पाठवण्याआधी मला कंपनी कळेल का.

नाव कधी सांगायचं

रिक्रूटरच्या पहिल्या फोनवर हा प्रश्न येतोच. तेव्हा घुटमळू नका. असं म्हणता येईल: ‘नाव सांगायला माझी हरकत नाही. तुमचा क्लायंट कोण हे कळलं की लगेच सांगतो, कारण ते आमचे ग्राहक किंवा समूहातलेच असू शकतात.’ हे रास्त आहे आणि चांगला रिक्रूटर ते मानतो. त्याच फोननंतर ईमेलवर एक ओळ लिहून घ्या: प्रत्येक ठिकाणी पाठवण्याआधी माझी परवानगी घ्याल. यामुळे एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून तुमचा अर्ज जाण्याचा घोटाळाही टळतो.

कंपनीशी थेट मुलाखत ठरली की पूर्ण आवृत्ती द्या. मुलाखतीतही ‘सांगू शकत नाही’ म्हणत राहिलात तर समोरचा तुमच्या बोलण्याची शहानिशा कशी करणार? नाव सांगितल्यावरही कंपनीचे आतले आकडे गुणोत्तरांतच ठेवा. चांगल्या ठिकाणी त्याचा आदरच होतो. उद्या तुम्ही त्यांचे आकडेही असेच सांभाळाल, हे त्यांना दिसतं.

काही वेळा ही सगळी मेहनत फुकट असते, आणि ते वेळीच ओळखावं. तुमच्या क्षेत्रात देशात तीनच कंपन्या असतील, तुमचं पद सार्वजनिक नोंदींत असेल, किंवा तुमच्या नावावर शोधनिबंध आणि पेटंट असतील, तर वर्णन कितीही घोळलं तरी उपयोग नाही. अशांनी रेझ्युमे मोकळा सोडूच नये. ओळखीच्या, तपासलेल्या एक-दोन रिक्रूटरकडेच काम सोपवावं, आणि त्यांनी क्लायंटला आधी तुमच्याही नावाशिवाय एका परिच्छेदाचा परिचय पाठवावा. क्लायंटने रस दाखवला की मग बाकीचं.

अर्जाच्या सहीच्या फॉर्ममध्ये, जिथे ‘दिलेली माहिती खरी आहे’ असं लिहून घेतात, तिथे कंपनीचं खरं नाव आणि मूळ पदनाम लिहा. त्याच फॉर्मवर सहसा ‘सध्याच्या कंपनीशी संपर्क साधू का’ असा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ निवडा आणि रकाना असेल तर जोडा: ‘लेखी ऑफर आणि माझा राजीनामा यानंतर चालेल’. संदर्भासाठी जुन्या कंपनीतले वरिष्ठ किंवा आत्ताची कंपनी सोडून गेलेले सहकारी द्या, आणि त्यांना आधी फोन करून सांगा की कोण विचारणार आहे आणि ही गोष्ट अजून कोणाला माहीत नाही. पडताळणी बाहेरची संस्था करणार असेल तर ‘संपर्क नको’ ही सूचना तिच्यापर्यंत पोहोचली का, हे नव्या कंपनीच्या एचआरला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. एचआरकडे केलेली खूण पडताळणी संस्थेच्या यादीत उतरत नाही, आणि महिनाभर झाकलेलं नाव एका फोनने उघडं पडतं, असं होऊ शकतं.